विंडोज माझ्यासमोर टाका

बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सचा निकाल २०२५च्या जूनमध्ये लागला आणि पंधरा दिवसांत पहिल्या ऑनलाइन परीक्षेची मेल आली. दीड तासाचा पेपर, कॅमेरा आणि माईक पूर्ण वेळ चालू, स्क्रीन शेअर केलेली. मोबाईलवरून परीक्षा देता येणार नाही, हे ठळक अक्षरांत लिहिलेलं. तोवर माझं सगळं कॉलेजच्या लॅबमध्ये चालायचं आणि आता लॅबचं दार बंद झालं होतं. परीक्षेला तीन आठवडे होते.

शिकवण्यांचे साठवलेले नऊ हजार माझ्याकडे होते. बाबा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत. त्यांनी भिशी उचलून पंधरा हजार हातावर ठेवले. म्हणजे २४ हजार, आणि त्यापुढे एक रुपया नाही. आईचं म्हणणं एकच, "थोडं कमी-जास्त असू दे, पण नवं घे. दुसऱ्याचं वापरलेलं कशाला? वॉरंटी तरी मिळेल." तिचं चुकत नव्हतं. चार वर्षांपूर्वी घरातला सेकंडहँड फ्रिज सहा महिन्यांत बसला होता, ते ती विसरलेली नाही.

माझा मावसभाऊ कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळतो. मी त्याला दादा म्हणते. तो म्हणाला, "आधी नवा बघून ये. नुसतं बघू नकोस, चालवून बघ. मग ठरवू."

विश्रामबागच्या एका दुकानात माझ्या पैशाच्या जवळ जाणारा एकच नवा लॅपटॉप होता. सेलेरॉन N4500, ४ जीबी रॅम, किंमत २४ हजारांच्या आत. दिसायला छान, हलका, झाकणावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. दुकानदारांनी डेमोचा पीस लावून दिला. मी माझ्या मोबाईलचं नेट जोडून मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला, स्क्रीन शेअर केली आणि दुसऱ्या टॅबमध्ये ऑनलाइन कंपायलर उघडून आमच्या प्रॅक्टिकलमधला एक साधा प्रोग्राम टाइप करू लागले. पाचव्या-सहाव्या ओळीला अक्षरं मागे पडायला लागली. मी टाइप करून थांबायचे आणि अक्षरं नंतर उमटायची. मैत्रीण म्हणाली, "तुझा आवाज तुटतोय गं." टास्क मॅनेजर उघडला तर सीपीयू शंभर टक्क्यांना चिकटलेला आणि रॅम नव्वदच्या पुढे.

याचं कारण दादाने नंतर समजावलं. व्हिडिओ कॉलमध्ये मशीनला एकाच वेळी बरीच कामं असतात. आपल्या कॅमेऱ्याचं चित्र दाबून लहान करून पाठवायचं, समोरच्याचं चित्र उलगडून दाखवायचं, स्क्रीनचं तिसरं चित्र तयार करायचं. या प्रोसेसरला दोनच कोअर आहेत आणि थ्रेडही दोनच. तीन कामं दोन हातांत कोंबली की टायपिंगला हात उरत नाही. घरी पिक्चर बघायला, बिलं करायला तो लॅपटॉप पुरेल. रॅम वाढवून भागलं असतं का, तेही विचारलं होतं. त्या मॉडेलची रॅम बोर्डावरच चिकटवलेली होती, वाढवायला जागाच नव्हती. आय-थ्री प्रोसेसर आणि ८ जीबी रॅमचा नवा लॅपटॉप त्याच दुकानात ३६ हजारांना होता. माझ्याकडे तेवढे पैसे असते तर मी तोच घेतला असता आणि हे लिहायची वेळ आली नसती.

मग वळलो जुन्याकडे. कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक अशा बिझनेस सिरीजचे लॅपटॉप देतात आणि तीन-चार वर्षांनी एकदम शेकड्याने काढतात. ते लॉटमध्ये विकत घेऊन, पुसून, दुरुस्त करून दुकानदार विकतात, त्यालाच रिफर्बिश्ड म्हणतात. पण "रिफर्बिश्ड" या शब्दात काय काय केलं हे कुठे लिहिलेलं नसतं. कोणी बॅटरी, डिस्क, थर्मल पेस्ट सगळं बदलतो, तर कोणी नुसता कपडा मारतो.

मिरजेतल्या एका दुकानात दादा आणि मी शनिवारी दुपारी गेलो. टेबलावर ओळीने पंधरा-वीस मशीन मांडलेली. सगळ्यात पुढे १५,५०० रुपयांचा एक होता, i5-7300U चा. माझा हात तिकडेच गेला, मागे ठेवलेल्यांपेक्षा सहा हजार वाचत होते. दादाने हळूच मागे ओढलं. आकड्यातला पहिला ७ म्हणजे सातवी पिढी. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११च्या यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून आहेत आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार होता. जुलैत घेतलेला लॅपटॉप दिवाळीपर्यंत सपोर्टबाहेर जाणार. शिवाय सातव्या पिढीच्या त्या आय-फाइव्हला दोनच कोअर होते. एक पिढी पुढचा i5-8350U घेतला की चार कोअर आणि आठ थ्रेड मिळतात. नाव दोघांचंही आय-फाइव्हच. म्हणून आय-फाइव्ह या शब्दावर जाऊ नये, डॅशनंतरचा आकडा वाचावा.

आठव्या पिढीचे दोन पीस होते, दोन्ही १४ इंची, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, प्रत्येकी २१,५००. एक चकचकीत, जणू डब्यातून काढलेला. दुसऱ्याच्या झाकणावर ओरखडा आणि उजव्या कोपऱ्याला रंग उडालेला. मी अर्थातच पहिला उचलला. सुरू केला, विंडोज ११ लगेच उघडलं, सगळं झरझर चालत होतं.

तेव्हा दादा दुकानदारांना म्हणाला, "काका, याच्यावर विंडोज आमच्यासमोर नव्याने टाकायचं. नेट जोडून."

"अहो, टाकलेलंच आहे की. कालच टाकलंय."

"असू दे. पेनड्राइव्ह मी आणलाय. अर्धा-पाऊण तास बसतो आम्ही."

मला तेव्हा वाटलं, दादा उगाच ताणतोय. दुकानात गर्दी होती, काकांचा चेहरा उतरला होता आणि मला ओशाळल्यासारखं झालं. पण सगळ्या खरेदीत उपयोगाची ठरली ती हीच एक गोष्ट, म्हणून ती नीट सांगते.

दादाने आदल्या रात्री मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज ११ उतरवून आणलं होतं. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं, डिस्कवरची सगळी पार्टिशन पुसली आणि इन्स्टॉल लावलं. वीसेक मिनिटांनी देश विचारला, कीबोर्ड विचारला, मग वाय-फाय. दादाने मोबाईलचा हॉटस्पॉट जोडला. काही सेकंद गोल फिरलं आणि पडद्यावर एका परदेशी कंपनीचं नाव आलं. त्याखाली, तुमच्या कामाच्या ईमेलने साइन इन करा. मागे जायचं बटण नाही, पुढे जायचा दुसरा रस्ता नाही.

मी बघतच राहिले. लॅपटॉप आमच्या हातात होता, पण मालक अजून ती कंपनी होती. मोठ्या कंपन्या मशीन घेतानाच त्याची हार्डवेअरची ओळख मायक्रोसॉफ्टकडे आपल्या नावावर नोंदवतात. त्याला ऑटोपायलट म्हणतात. नवं विंडोज टाकून पहिल्यांदा नेटला जोडलं की मशीन तिकडे विचारतं, मी कोणाचा? आणि उत्तर येतं, त्या कंपनीचा. ही नोंद लॅपटॉपमध्ये नसतेच, त्यामुळे डिस्क बदला, फॉरमॅट करा, काही फरक पडत नाही. कंपनीच्या आयटी विभागानेच ती काढायची असते, आणि लॉट विकताना काही वेळा ते राहून जातं.

मग आधी तो इतका झरझर कसा चालत होता? नेट न जोडता, पळवाटेने विंडोज टाकून ठेवलं होतं. तसा तो महिनोन्महिने चालला असता. ज्या दिवशी काही बिघडून मी रिसेट केलं असतं, त्या दिवशी हा पडदा समोर आला असता. तो दिवस इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवसाचाही असू शकला असता.

काकांना हे माहीत होतं का, हे मी सांगू शकत नाही. ते खरोखर चपापल्यासारखे दिसले. म्हणाले, "लॉटमध्येच तसा आला असणार. तो बाजूला ठेवा, ताई." आणि त्यांनीच ओरखडेवाला पुढे सरकवला.

त्यावर पुसण्याआधी दादाने आणखी एक दाखवलं. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ही ओळ टाकायची:

```
slmgr /dli
```

छोटी चौकट उघडली, त्यात VOLUME_KMSCLIENT असा शब्द होता. ही कंपन्यांची घाऊक पद्धत आहे. असं विंडोज दर १८० दिवसांच्या आत कंपनीच्या सर्व्हरला भेटून परवाना नवा करून घेतं. मिरजेतल्या दुकानात असला सर्व्हर कुठून येणार? म्हणजे ते कुठल्यातरी जुगाडाने चालू केलेलं होतं, आणि असल्या जुगाडाच्या फाइली बहुतेक वेळा अँटीव्हायरस बंद करूनच चालवाव्या लागतात. ज्या मशीनवर मी आधार, मार्कशीट, बँकेची माहिती भरणार, त्यावर हे नको.

पण त्याच मशीनचा खरा परवाना बहुधा आतच पडून असतो. कारखान्यातून विंडोजसह निघालेल्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये किल्ली कोरलेली असते. पॉवरशेलमध्ये ही ओळ टाकली:

```
(Get-CimInstance SoftwareLicensingService).OA3xOriginalProductKey
```

पंचवीस अक्षरांची किल्ली समोर आली. काहीच आलं नसतं तर बोर्ड बदललेला असण्याची किंवा लॅपटॉप मुळात विंडोजशिवाय विकलेला असण्याची शंका घ्यायची आणि परवान्याचे पैसे वेगळे धरायचे. आमच्याकडे किल्ली होती. पुन्हा पेनड्राइव्ह, पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा हॉटस्पॉट. गोल फिरायला लागलं तेव्हा मी श्वास धरून बसले होते. या वेळी कोणाचंही नाव आलं नाही, साधा पडदा आला, मी माझा ईमेल टाकला. आत गेल्यावर पुन्हा `slmgr /dli` चालवलं. आता OEM_DM दिसत होतं, म्हणजे बायोसमधली किल्ली विंडोजने आपोआप उचलली होती. एका पाऊण तासात तीन गोष्टी कळल्या. मशीनवर कोणाचा हक्क नाही, परवाना खरा आहे आणि डिस्कवर आधीच्या कोणाचं काही राहिलेलं नाही.

नंतर बॅटरी. जुन्या लॅपटॉपमध्ये सगळ्यात झिजलेली वस्तू तीच असते आणि बाहेरून तिचं काहीच दिसत नाही. १०० टक्के चार्ज दाखवणं म्हणजे जेवढं भांडं उरलंय तेवढं भरलं, इतकाच त्याचा अर्थ. भांडं किती उरलंय ते या ओळीने कळतं:

```
powercfg /batteryreport
```

एक पान तयार होतं, त्यात DESIGN CAPACITY आणि FULL CHARGE CAPACITY असे दोन आकडे असतात. आमच्यात पहिला ६०,००० होता आणि दुसरा ३४,२००, दोन्ही मिलिवॉट-तासांत. म्हणजे ५७ टक्के. दादाने तिथेच कागदावर हिशोब केला. व्हिडिओ कॉल चालू असताना असा लॅपटॉप साधारण १५ वॉट खातो. ३४ला १५ने भागलं की सव्वादोन तास. दीड तासाच्या परीक्षेला कसाबसा पुरणार, आणि झिजलेली बॅटरी पंधरा-वीस टक्क्यांवरून एकदम खाली बसते, तो धोका वेगळाच. हे कागदावर समोर ठेवलं तेव्हा काकांनी फार वाद घातला नाही. दीड हजार जादा घेऊन नवी बॅटरी बसवून द्यायचं ठरलं, एकूण २३ हजार. एक गोष्ट दादाने मला बजावली. सात वर्षांच्या मशीनमध्ये दोन्ही आकडे अगदी तंतोतंत सारखे आणि चार्जिंगच्या सायकल शून्य दिसल्या तर खूश व्हायचं नाही. बॅटरी नवी बसवल्याचं बिल मागायचं आणि ती चार्जर काढून प्रत्यक्ष किती वेळ चालते ते बघायचं. रिपोर्टमधले आकडे बॅटरीतली चिप सांगते, आणि हलक्या बॅटरीची चिप काहीही सांगू शकते.

एसएसडी मात्र चांगली निघाली. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये आरोग्य ९१ टक्के आणि चालू तास ११,२००. मी घाबरले, पण रोजचे आठ तास धरले तर ते चौदाशे दिवस होतात, म्हणजे पाचेक वर्षांची ऑफिसची नोकरी. मशीन २०१८चं आहे हे त्याच्याशी जुळत होतं. उलट तास फार कमी दिसले असते तर डिस्क बदलली आहे आणि कोणती टाकली आहे, हे विचारावं लागलं असतं.

बाकीचं भराभर उरकलं. नोटपॅडमध्ये एकेक बटण दाबलं, कोरं पांढरं पान उघडून स्क्रीनवर डाग शोधले, चार्जरची पिन हलवून बघितली. माईकवर एक मिनिट बोलून परत ऐकलं. ही शेवटची गोष्ट इंटरव्ह्यूसाठी घेणाऱ्याने टाळू नये. पहिल्यांदा माझ्या आवाजामागे घरघर ऐकू आली, ती पंख्याची होती. वीस मिनिटं कॉल चालू ठेवला तर पंखा आणखी वाढला. आतली थर्मल पेस्ट वाळली की प्रोसेसर लवकर तापतो आणि पंखा सतत पळतो. बॅटरी बसवताना झाकण उघडणारच होते, तेव्हा पेस्टही बदलून घेतली. दुसऱ्या दिवशी तीच चाचणी केली तर घरघर निम्म्यावर आली होती. उरलेली कसर ६०० रुपयांच्या वायरवाल्या हेडसेटने भरून काढली. कॅमेरा ७२० पीचाच आहे, या वयाच्या मशीनमध्ये बहुतेक तोच असतो. ट्यूबलाइट पाठीमागे असली की चेहरा काळा पडतो, म्हणून टेबल फिरवून खिडकीकडे तोंड केलं.

बिलावर सिरीयल नंबर लिहून घेतला. खाली चिकटवलेला नंबर आणि `Get-CimInstance Win32_BIOS` ने दाखवलेला नंबर एकच आहे ना, ते आधी ताडून बघितलं. वॉरंटी सहा महिन्यांची, तीही काकांनी बिलाच्या मागे हाताने लिहून सही केली. त्यात बॅटरी आहे की नाही, हे तिथल्या तिथे लिहून घ्यावं लागलं, कारण छापील ओळीत ती वगळलेली होती. आईची वॉरंटीची काळजी खरी होती. नव्याला वर्षभराची मिळाली असती, इथे निम्मीच मिळाली. घरी आल्यावर मी ते तिला सरळ सांगितलं. ती ओरखड्यावरून हात फिरवून म्हणाली, "चालू राहू दे म्हणजे झालं."

परीक्षेच्या दिवशी सकाळपासून पाऊस लागून राहिला होता. अकराला पेपर सुरू झाला आणि पावणेबाराला लाईट गेली. राऊटर बंद पडला, पण मोबाईलचा हॉटस्पॉट मी आधीच एकदा जोडून ठेवला होता, त्यामुळे मशीनने तो आपणहून धरला. मध्ये वीसेक सेकंद पडदा थांबला, कॅमेऱ्याची चौकट पुन्हा हिरवी झाली आणि घड्याळ पुढे चालू लागलं. बाबा दारात मेणबत्ती घेऊन उभे होते, मी हातानेच नको म्हणून खुणावलं. पेपर संपला तेव्हा बॅटरी ६१ टक्के होती. त्या कंपनीत मी दुसऱ्या फेरीपर्यंत गेले, पुढे नाही. ऑगस्टमध्ये दुसरीकडे तीन फेऱ्या याच मशीनवर दिल्या आणि तिथून होकार आला.

अजूनही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बॅटरी रिपोर्ट काढते आणि आकडा वहीत लिहिते. बसवली तेव्हा ५७,८०० होता, परवा ५५,९०० निघाला. मागच्या आठवड्यात शेजारची बारावी झालेली मुलगी लॅपटॉप घ्यायचा म्हणून विचारायला आली होती. तो पेनड्राइव्ह मी तिला देऊन टाकलाय.